दोन रांगांचा घरगुती ग्रुप फोटो: f-नंबर, फोकस आणि शटरचं गणित सुरुवातीपासून

गणपतीत किंवा दिवाळीत घरातल्या हॉलमध्ये सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा असतो, चार जण पुढे बसलेले, चार जण मागे उभे, वर ट्यूबलाइट, हातात नवा कॅमेरा आणि त्यावर 50 mm f/1.8 ची लेन्स. जवळपास सगळेच नवखे इथे f/1.8 वर ठेवून क्लिक करतात कारण उजेड कमी आहे, आणि मग मोठ्या स्क्रीनवर बघितलं की पुढचे लोक झकास आणि मागची आजी-काकू धूसर. म्हणून कोणी f/11 करतं, तर आता सगळेच हललेले. हा प्रश्न अंदाजाने सुटत नाही पण दहावीच्या समरूप त्रिकोणांनी अगदी व्यवस्थित सुटतो, आणि एकदा सोडवला की पुढे कुठल्याही हॉलमध्ये तोच वापरता येतो. तोच इथे आकड्यांसकट सोडवूया.

आपली केस अशी धरू. कॅमेरा एपीएस-सी सेन्सरवाला, म्हणजे सेन्सर साधारण २३.५ मिमी रुंद. लेन्स ५० मिमी. पुढची रांग कॅमेऱ्यापासून ४ मीटरवर, मागची तिच्या मागे ७० सेंमी, म्हणजे ४.७ मीटरवर. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर सांगतंय की ISO 400 आणि f/1.8 ला 1/80 सेकंद लागेल. संध्याकाळी ट्यूबलाइटच्या खोलीत असंच काहीतरी रीडिंग येतं, तुमच्याकडे वेगळं आलं तर तो आकडा घाला, पद्धत तीच.

पहिली पायरी: f-नंबरमधून छिद्राचा खरा व्यास काढा

f/1.8 मधला f म्हणजे फोकल लेंथ आणि ती तिरकी रेघ म्हणजे खरंच भागाकार आहे. ५० ला १.८ ने भागा, २७.८ मिमी येतात, एवढ्या व्यासाच्या छिद्रातून उजेड आत येतोय. f/4 ला १२.५ मिमी, f/16 ला जेमतेम ३.१ मिमी. आकडा मोठा म्हणजे भोक लहान हे पाठ करायची गरजच उरत नाही, भागाकार आहे एवढं लक्षात ठेवा.

आता प्रश्न येतो की व्यासच का नाही लिहीत सरळ, भागाकार कशाला? कारण उजेड किती गोळा झाला हे छिद्राच्या क्षेत्रफळावर म्हणजे व्यासाच्या वर्गावर ठरतं, पण तो उजेड सेन्सरवर किती जागेत पसरला हे फोकल लेंथवर ठरतं. लेन्सची फोकल लेंथ दुप्पट केली की त्याच माणसाची प्रतिमा दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद होते, म्हणजे तेवढाच उजेड चौपट जागेत वाटला जातो. म्हणून सेन्सरच्या एका चौरस मिलिमीटरला किती उजेड मिळाला हे व्यास भागिले फोकल लेंथ, त्याचा वर्ग, यावर अवलंबून. ५० मिमी लेन्सचं २५ मिमी छिद्र आणि १०० मिमी लेन्सचं ५० मिमी छिद्र दोन्ही f/2, आणि त्याच खोलीत दोघांना तोच शटर टाइम लागतो. मोबाइलवर f/1.8 लिहिलेलं असतं तेही खरं असतं, पण तिथली खरी फोकल लेंथ पाच-सहा मिमी असल्याने छिद्र तीनेक मिमीचंच असतं, हे पुढे उपयोगी पडेल.

(फार जवळून, मॅक्रो फोटो काढताना हा नियम थोडा बदलतो. लेन्स सेन्सरपासून लांब सरकते आणि वस्तूएवढीच प्रतिमा सेन्सरवर पडत असेल तर चौपट वेळ लागतो. ४ मीटरवर हा फरक दोन-अडीच टक्के आहे, सोडून द्या.)

दुसरी पायरी: वेळेचं सूत्र

f-नंबरला N म्हणू. उजेड N च्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणून वेळ N च्या वर्गाच्या सम प्रमाणात. ISO दुप्पट केला की वेळ निम्मा. एका ओळीत:

```
t2 = t1 × (N2/N1)² × (ISO1/ISO2)
```

आपल्या केसमध्ये f/1.8 वरून f/4 ला गेलो तर (4/1.8)² म्हणजे जवळजवळ ५ पट, 1/80 चा झाला 1/16 सेकंद. f/8 ला गेलो तर सुमारे २० पट, म्हणजे 1/4 सेकंद. लेन्सवरची 1.4, 2, 2.8, 4, 5.6, 8, 11, 16 ही माळ विचित्र वाटते पण प्रत्येक आकडा आधीच्याच्या √2 पट आहे, त्यामुळे एक घर पुढे गेलं, म्हणजे एक स्टॉप बंद केला, की क्षेत्रफळ बरोबर निम्मं आणि वेळ दुप्पट. 5.6 आणि 11 हे सोयीसाठी गोल केलेले आकडे आहेत, खरे ५.६६ आणि ११.३, त्यामुळे कॅल्क्युलेटरवर बरोबर दुप्पट आलं नाही तर घाबरू नका.

हे स्वतः तपासून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. कॅमेरा टेबलावर ठेवा, मोड डायल A किंवा Av वर, ऑटो ISO बंद करून एकच ISO ठेवा, समोर न बदलणारा उजेड, आणि f/2, f/4, f/8 ला शटरचे आकडे लिहून काढा. १:४:१६ असंच यायला पाहिजे. नाही आलं तर बहुतेक वेळा ऑटो ISO चालू राहिलेला असतो, तो गुपचूप मधे पडून वेळ सांभाळत राहतो आणि मग तुम्हाला वाटतं की अपर्चरने काही फरकच पडत नाही.

तिसरी पायरी: धूसरपणा मिलिमीटरमध्ये मोजा

डेप्थ ऑफ फील्डचे, म्हणजे कुठपासून कुठपर्यंत शार्प येईल त्याचे, चार्ट आणि अॅप भरपूर आहेत पण ते का तसं येतं हे कळलं नाही तर चार्ट बाजूला ठेवला की सगळं विसरायला होतं. मला जी रीत सगळ्यात सोपी वाटते ती ही, सेन्सरच्या आत जायचंच नाही, सगळं माणसं जिथे उभी आहेत तिथेच मोजायचं.

फोकस ४ मीटरवर पुढच्या रांगेवर आहे. मागच्या रांगेत ४.७ मीटरवर आजीच्या नाकातल्या चमकीचा एक ठिपका घ्या. त्या ठिपक्यातून निघालेले किरण लेन्सच्या पूर्ण छिद्रावर पडतात, म्हणजे एक शंकू तयार होतो, त्याचं टोक चमकीवर आणि तळ लेन्सवर, तळाची रुंदी २७.८ मिमी. आता विचारा की हा शंकू ४ मीटरच्या पातळीवर, जिथे फोकस आहे तिथे, किती रुंद आहे. समरूप त्रिकोण: टोकापासून ०.७ मीटर अलीकडे आलो, पूर्ण लांबी ४.७ मीटर, म्हणून रुंदी

```
27.8 × 0.7 / 4.7 = 4.1 mm
```

कॅमेरा फोकसच्या पातळीवर जे दिसतं तेच हुबेहूब सेन्सरवर उतरवतो, त्याला चमकी मागे आहे हे माहीत नाही, त्याला त्या पातळीवर ४.१ मिमीचा गोल डाग दिसतो. म्हणजे मागच्या रांगेतला प्रत्येक ठिपका चार मिमीच्या डागात पसरलाय. पापण्यांचे केस यात कुठून दिसणार.

मग किती डाग चालतो? नेहमीचा हिशोब असा की ए४ एवढा फोटो हातात धरून बघताना पाव मिमीपेक्षा लहान डाग डोळ्याला ठिपकाच वाटतो. २३.५ मिमीचा सेन्सर ए४ च्या रुंदीला जवळपास साडेबारा पट मोठा होतो, म्हणून सेन्सरवर ०.०२ मिमी चालतो. आणि ४ मीटरवरची वस्तू ५० मिमी लेन्सने सेन्सरवर ७९ पट लहान होऊन पडते, तर माणसांच्या जागी ती मर्यादा ०.०२ गुणिले ७९, साधारण १.६ मिमी. हा आकडा आता सगळीकडे वापरायचाय. हा निसर्गाचा नियम नाही, बघण्याच्या पद्धतीवर ठरलेला आकडा आहे, मॉनिटरवर शंभर टक्के झूम करून बघणाऱ्याला याच्या निम्म्यानेही समाधान होणार नाही.

१.६ मिमी मर्यादा धरून उलटं सोडवलं तर f/1.8 ला ४ मीटरवर फोकस असताना चालणारा पट्टा येतो सुमारे ३.७८ पासून ४.२४ मीटरपर्यंत. पुढे २२ सेंमी, मागे २४. ७० सेंमी मागे उभे असलेले लोक त्याच्या पार बाहेर. आणि बघा, पुढे एक तृतीयांश आणि मागे दोन तृतीयांश असा जो नियम सगळीकडे सांगतात तो इथे लागू पडतच नाही, तो फक्त एका ठरावीक अंतराच्या आसपास खरा ठरतो, जवळच्या फोटोत दोन्ही बाजू जवळपास सारख्या असतात.

मोबाइलचा हिशोबही आता समजेल. त्याचं छिद्र तीन मिमीचं, त्याच जागी शंकूची रुंदी 3 × 0.7/4.7 म्हणजे अर्धा मिमीसुद्धा नाही. म्हणून मोबाइलमध्ये दोन्ही रांगा आपोआप शार्प येतात, आणि म्हणूनच मागचं धूसर करायला त्याला पोर्ट्रेट मोडमध्ये सॉफ्टवेअर लागतं.

चौथी पायरी: छिद्र लहान करण्याआधी फोकसची जागा बदला

हीच पायरी लोक गाळतात आणि इथेच सगळ्यात जास्त उजेड वाचतो, म्हणून जरा थांबून वाचा.

पुढच्या रांगेवरच फोकस ठेवून मागची रांग १.६ मिमीच्या आत आणायची असेल तर व्यास गुणिले ०.१४९ हे १.६ पेक्षा कमी पाहिजे. व्यास येतो साधारण १०.७ मिमी, म्हणजे N साधारण ४.७. लेन्सवर f/5 किंवा f/5.6 लावावं लागेल.

आता फोकस दोन्ही रांगांच्या मधे घेऊ. दोन्हीकडे डाग सारखाच यावा अशी जागा म्हणजे दोन अंतरांचा हरात्मक मध्य:

```
s = 2 × 4 × 4.7 / (4 + 4.7) = 4.32 m
```

पुढच्या रांगेच्या ३२ सेंमी मागे, बरोबर मध्यापेक्षा थोडं अलीकडे. इथे फोकस केला तर दोन्ही रांगांना डाग व्यास गुणिले ०.०८ एवढाच येतो. f/2.8 ला १.४ मिमी, f/3.2 ला साधारण १.२५ मिमी, f/4 ला १ मिमी. म्हणजे f/2.8 लाच काम भागतंय. f/5.6 आणि f/2.8 मध्ये चौपट उजेडाचा फरक आहे, आणि तो आपल्याला फुकट मिळाला, फक्त फोकस कुठे लावला यावर.

अडचण अशी की त्या ३२ सेंमीवर कोणीच उभं नसतं, ऑटोफोकस हवेवर लागत नाही, आणि फेस डिटेक्शन चालू असेल तर कॅमेरा हट्टाने पुढचा चेहराच पकडतो. तर फेस डिटेक्शन बंद करा, एकच फोकस पॉइंट निवडा, कोणालातरी पुढच्या रांगेच्या वीतभर-दीड वीत मागे उभं करा, त्याच्या शर्टाच्या बटणावर फोकस घ्या, मग लेन्सचा किंवा मेनूचा स्विच MF वर टाका आणि त्याला त्याच्या जागी पाठवा. यानंतर तुम्ही मात्र पुढे-मागे सरकायचं नाही. दुसरा उपाय त्याहून सोपा, मागच्यांना पुढच्यांच्या खुर्चीला चिकटून उभं करा, ७० चे ४० सेंमी झाले की वरचे सगळे डाग सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतात.

पाचवी पायरी: हलण्याचा डाग त्याच मिलिमीटरमध्ये

फोटोसाठी उभी असलेली माणसंही अगदी स्तब्ध नसतात, कोणी मान वळवतं, कोणी हसतं, मुलं तर विचारूच नका. डोकं सेकंदाला १० सेंमी वेगाने हलतंय असं धरू, हा सावकाश वेग आहे. शटर जितका वेळ उघडं तितका वेळ तो ठिपका रेघ ओढत जातो:

1/16 सेकंदाला ६ मिमीपेक्षा थोडी जास्त, 1/60 ला पावणेदोन मिमीच्या जवळ, 1/100 ला १ मिमी.

आता दोन्ही डाग एकाच मापात आले आणि खरं भांडण दिसायला लागलं. ISO 400 वर f/4 केलं तर फोकसचा डाग १ मिमी झाला, छान, पण वेळ 1/16 झाल्याने हलण्याचा डाग ६ मिमी. आपण एक रोग बरा करून सहापट मोठा घेतला. कारण फोकसचा डाग छिद्राच्या व्यासाच्या प्रमाणात कमी होतो आणि वेळ मात्र त्याच्या वर्गाने वाढतो, एक स्टॉप बंद केला की पहिला डाग फक्त १.४ पटीने लहान होतो आणि दुसरा २ पटीने मोठा. म्हणूनच कमी उजेडात गरजेपेक्षा एकही स्टॉप जास्त बंद करू नये, आणि "ग्रुप फोटोला f/8" हा सल्ला मैदानात उन्हात चालतो, हॉलमध्ये नाही.

सहावी पायरी: ISO ठरवा आणि उत्तर काढा

ISO वाढवल्याने एकही जास्तीचा प्रकाशकण आत येत नाही, आलेल्या सिग्नलची वाढवणूक होते एवढंच. ISO 400 ऐवजी 1600 घेऊन वेळ चौथाई केला तर सेन्सरला उजेड चौथाई मिळाला, आणि उजेडाच्या मोजणीतला गोंधळ वर्गमुळाच्या हिशोबाने चालतो म्हणून फोटोतला दाणा तुलनेने दुप्पट दिसणार. माझं मत स्पष्ट आहे, दाणा परवडला, हललेला चेहरा नाही. दाणा सॉफ्टवेअरने बराच कमी होतो, पसरलेला डोळा परत गोळा होत नाही.

तर ISO 1600 घेतला. वेळ किती हवा? इथे भारतातल्या ट्यूबलाइटची एक गोष्ट मधे येते. आपली वीज ५० हर्ट्झची, दर सेकंदाला उजेड १०० वेळा कमीजास्त होतो, त्यामुळे 1/100 किंवा 1/50 ठेवलं तर उजेडाचे पूर्ण ठोके पकडले जातात. 1/200 ला जुन्या चोकच्या ट्यूबखाली किंवा स्वस्त एलईडीखाली एक फोटो उजळ, एक पिवळट, एखाद्यात आडवे पट्टे असं होऊ शकतं. म्हणून 1/100 धरू आणि N शोधू:

```
(N/1.8)² = (1/100) × 80 × (1600/400) = 3.2
N = 1.8 × √3.2 ≈ 3.2
```

उत्तर: f/3.2, 1/100, ISO 1600, फोकस ४.३२ मीटरवर. छिद्राचा व्यास १५.६ मिमी, फोकसचा डाग सव्वा मिमी, हलण्याचा १ मिमी, दोन्ही आपल्या १.६ च्या आत आणि एकमेकांच्या जवळपास. असे दोन्ही डाग सारखे येतात तिथेच साधारण सगळ्यात चांगली जागा असते. हातात धरून काढायलाही 1/100 पुरतं, एपीएस-सी वर ५० मिमीला हाताच्या कंपासाठी 1/75 च्या आसपास किमान धरतात. लेन्समधलं किंवा बॉडीतलं स्टॅबिलायझेशन हाताचा कंप थांबवतं, समोरच्याची मान नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर 1/15 करू नका.

किट लेन्स 18-55 असेल तर ५५ ला ती f/5.6 पेक्षा उघडतच नाही. फोकसचा प्रश्न आपोआप सुटतो, पण वरच्या सूत्राने 1/100 साठी ISO 5000 च्या आसपास लागतो. तिथे मग खोलीत आणखी एक दिवा लावणं किंवा फ्लॅश छताकडे वळवून मारणं जास्त शहाणपणाचं.

उन्हात उलटी मर्यादा

अंगणात उजेड भरपूर म्हणून f/16 किंवा f/22 वर नेऊन सगळं शार्प करायचा मोह होतो. तिथे विवर्तन आडवं येतं. लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि अगदी फोकसमधल्या ठिपक्याचाही सेन्सरवर 2.44 × λ × N एवढा डाग होतो. λ म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी, ती हिरव्या प्रकाशाला ०.५५ मायक्रॉन धरून f/8 ला साधारण ०.०११ मिमी, f/16 ला ०.०२१ मिमी. म्हणजे आपली ०.०२ ची सगळी सूट विवर्तनानेच खाल्ली. एपीएस-सी वर f/11 च्या पुढे जायचं असेल तर नक्की कारण असू द्या.

फोटो बिघडला तर कशामुळे, हे ओळखायचं कसं

घरी येऊन नाही, तिथेच पहिला फोटो काढल्यावर प्लेबॅकमध्ये झूम करून बघा, लोक पांगायच्या आत. मागच्या रांगेतले सगळे सारखेच मऊ आणि पुढचे शार्प असतील तर फोकसचा डाग, आणि दागिन्यांवरचे चमकणारे ठिपके गोल चकत्यांसारखे दिसतील ही त्याची पक्की खूण. अशा वेळी आधी फोकस मागे सरकवा, मग छिद्र लहान करा. भिंतीवरचं कॅलेंडर, खुर्चीची कड नीट आहे पण एखाद्याचाच चेहरा किंवा हात एका दिशेने ओढल्यासारखा आहे तर तो माणूस हलला, वेळ कमी करा. चकाकणारे सगळे ठिपके, खुर्चीवरचेसुद्धा, एकाच दिशेने लांबट झालेत तर तुमचा हात हलला, ट्रायपॉड किंवा टेबल. आणि कुठलाच भाग खणखणीत नाही, सगळीकडे सारखाच हलका मऊपणा आहे, वर f/16 लावलंय, तर विवर्तन. मात्र हीच तक्रार f/3.2 ला आली तर आधी लेन्सच्या पुढच्या काचेवर बोटाचा ठसा आहे का बघा, सणासुदीच्या तेलकट-तुपकट हातांनी तो हमखास लागलेला असतो, मऊ सुती कापडाने पुसा आणि परत एक क्लिक करा.